विश्लेषण : ‘काळी’ जमीन ‘काही’ जमीन कशी होते? मराठी कॅप्शन्स कुठे चुकतात आणि कशा सुधारायच्या?

‘सायबानं पंचनामा नाई केला. मले मदत नाई भेटली.’ अतिवृष्टीत सोयाबीन गेलेला वऱ्हाडातला एखादा शेतकरी कॅमेऱ्यासमोर असे सांगतो आणि व्हिडीओखाली आपोआप उमटलेली कॅप्शन म्हणते, ‘साहेबांनी पंचनामा केला. मला मदत भेटली.’ वाक्य शुद्ध आहे, शब्द ओळखीचे आहेत आणि अर्थ मात्र नेमका उलटा आहे. आवाज बंद ठेवून व्हिडीओ पाहणाऱ्याला किंवा ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला यात काही चुकले आहे, याची शंकासुद्धा येणार नाही. मराठी कॅप्शन्स सुधारणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे. हास्यास्पद चूक लगेच दिसते, पण सुबक चूक दिसत नाही. अशा चुका विशेषनावे, इंग्रजी शब्द आणि बोली या तीन ठिकाणी जास्त होतात. तिन्हींची कारणे वेगळी असल्याने उपायही वेगळे आहेत.

यंत्र नेमके ऐकते तरी काय?

बोलणे ओळखणारी प्रणाली माणसासारखा अर्थ समजून घेत नाही. आलेल्या ध्वनीशी कोणती अक्षरे जुळू शकतात आणि आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, या दोन अंदाजांची ती सांगड घालते. ध्वनी स्पष्ट असेल तर पहिला अंदाज भारी पडतो. ध्वनी पुसट असेल किंवा शब्द अनोळखी असेल, तर दुसरा अंदाज बाजी मारतो. म्हणजेच शंका आली की यंत्र कमी परिचित शब्द सोडून जास्त परिचित शब्दाकडे झुकते. त्यामुळेच त्याच्या चुका सुबक असतात.

परिचय कशाशी आहे, हे शिकवणीवर ठरते. ‘ओपनएआय’ने सप्टेंबर २०२२ मध्ये खुली केलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकवली गेली. त्यांपैकी इंग्रजी वगळून उरलेल्या ९६ भाषांच्या वाट्याला मिळून सुमारे १ लाख १७ हजार तास आले. मराठीचा वाटा त्यातलाच एक तुकडा, आणि त्या तुकड्यात तालुक्याच्या गावांची नावे किंवा वऱ्हाडी, मालवणी, अहिराणीची वाक्ये किती असतील, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

एक उदाहरण

समजा, अकोला जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची १२ मिनिटांची मुलाखत आहे. विचारणारा प्रमाण मराठीत बोलतो, शेतकरी वऱ्हाडीत. कॅप्शन्सची फाइल बहुधा एसआरटी प्रकारची असते. ती साध्या मजकुराचीच फाइल असते. तीत अनुक्रमांक, सुरू होण्याची व संपण्याची वेळ आणि त्याखाली मजकूर एवढेच असते. यंत्राकडून आलेला सुरुवातीचा भाग असा दिसू शकतो :

```
1
00:00:04,000 --> 00:00:07,200
तुम्ही बार्शी टाकली तालुक्यातले ना?

2
00:00:07,400 --> 00:00:11,000
हो आमची सारी काही जमीन आहे
पाणी धरून ठेवते

3
00:00:11,200 --> 00:00:14,600
येस 335 पेरलं होतं बी बी एफ न

4
00:00:14,800 --> 00:00:18,300
साहेबांनी पंचनामा केला
मला मदत भेटली
```

या चार तुकड्यांत तिन्ही प्रकारच्या चुका आहेत. त्या एकेक करून पाहू.

नावे का बिघडतात?

पहिल्या तुकड्यातला तालुका बार्शीटाकळी आहे. ‘टाकली’ हे क्रियापद मराठीत पावलोपावली येते आणि बार्शीटाकळी क्वचित. शिवाय ‘बार्शी’ हे सोलापूर जिल्ह्यातील जास्त माहितीचे गाव. घाईच्या बोलण्यात ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक पुसट झाला, की यंत्र एका नावाचे दोन ओळखीचे शब्द करते. नाव असे फोडले गेले की वाक्याचे व्याकरण लंगडते. ‘टाकली तालुक्यातले’ यात क्रियापदानंतर तालुका आलाच कसा? अशी अडखळ हीच चुकीची खूण समजावी.

आडनावांचे दुखणे त्याहून बारीक आहे. फडणीस हे आडनाव सहज फडणवीस होते, कारण दुसरे आडनाव बातम्यांत रोज येते. येथे व्याकरण लंगडत नाही, त्यामुळे वाचून चूक सापडणे अशक्य असते. गोडबोले ‘गोड बोले’ झाले तर निदान डोळ्याला खटकते. फडणीसांचे फडणवीस झाले तर एका माणसाचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडी जाते.

म्हणून नावे कानावर सोपवून चालत नाही, ती लेखी पुराव्यावरून घ्यावी लागतात. चित्रीकरणाआधीच बोलणाऱ्याने स्वतःचे नाव, गाव आणि तालुका स्वतःच्या हाताने लिहून किंवा मोबाइलवर टाइप करून दिला, तर निम्मे काम तेथेच संपते. तसे झाले नसेल तर व्हिडीओतच पुरावा असतो. ग्रामपंचायतीचा फलक, दुकानाची पाटी, सातबारा, मागे दिसणारा बॅनर हे सगळे थांबवून वाचता येते. गावाच्या नावासाठी जनगणनेची गावनिहाय यादी पाहावी. मात्र टाकळी, चिखली, पिंपरी अशी नावे अनेक तालुक्यांत आहेत. नाव यादीत सापडले म्हणजे काम झाले असे नाही, त्यासोबत तालुका जुळला पाहिजे.

तिसऱ्या तुकड्यातले ‘येस 335’ हेसुद्धा नावच आहे. जेएस ३३५ हे सोयाबीनचे जुने, प्रसिद्ध वाण. ‘जेएस’ भरभर उच्चारले की ‘येस’ ऐकू येते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला शेतकरी ‘पीकेव्ही’ म्हणतात. त्याचे ‘पिके ही’ होऊ शकते आणि शेतीच्या व्हिडीओत ‘पिके’ हा शब्द इतका सहज बसतो, की कोणी थांबतही नाही. वाण, औषध, योजना आणि संस्था यांची यादी विषयानुसार आधीच तयार ठेवावी ती यासाठी.

यादी यंत्राला आधीच देता येते का?

काही प्रणालींत देता येते. ‘व्हिस्पर’ संगणकावर चालवणाऱ्यांना भाषा आणि अपेक्षित शब्द आधी सांगता येतात :

```
whisper mulakhat.mp3 --language mr --initial_prompt "बार्शीटाकळी, जेएस ३३५, बीबीएफ, पीकेव्ही" --output_format srt
```

यातला `mr` महत्त्वाचा. भाषा आपोआप ओळखू दिली आणि सुरुवातीला बोली किंवा इंग्रजी शब्द जास्त आले, तर यंत्र मराठीला हिंदी समजू शकते आणि पुढे ‘नाही’चे ‘नहीं’ लिहीत जाते. इतर प्रणालींतही भाषा निवडण्याची सोय असेल तर ती हातानेच निवडावी.

शब्दयादीला मात्र मर्यादा आहेत. यंत्र मजकुराचे लहान तुकडे करून मोजते. अशा फक्त २२४ तुकड्यांएवढी जागा येथे मिळते आणि देवनागरी शब्दांचे तुकडे जास्त पडतात. त्यामुळे शंभर नावांची यादी मावत नाही. सर्वांत महत्त्वाची दहा-पंधरा नावेच द्यावीत. यादीचा प्रभाव सुरुवातीला जास्त असतो आणि पुढे कमी होत जातो. आणखी एक धोका म्हणजे यादीतला शब्द न उच्चारताही कॅप्शनमध्ये उमटू शकतो. यादी दिली म्हणून तपासणी टळत नाही.

इंग्रजी शब्दांचे काय करायचे?

शेतकऱ्याच्या बोलण्यात ड्रिप, मोटर, डीपी, लोन, रेट, व्हरायटी हे शब्द असतातच. यंत्र ते तीन प्रकारे बिघडवते. एक तर तो शब्द जवळच्या मराठी शब्दावर नेऊन बसवते. ‘रेट भेटला नाही’ याचे ‘रेत भेटला नाही’ होते. ‘डीपी’ म्हणजे गावातली विजेची पेटी, ती ‘दीपी’ होते. दुसरे म्हणजे मध्येच रोमन लिपीत उडी मारते. आणि तिसरे म्हणजे बोललेल्या शब्दाऐवजी त्याचे भाषांतर लिहून मोकळे होते.

तिसऱ्या तुकड्यातला ‘बीबीएफ’ हे या गोंधळाचे चांगले उदाहरण आहे. रुंद वरंबा आणि सरी पाडत पेरणी करणाऱ्या यंत्राचे हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव. पण मराठीत ‘बी’ म्हणजे बियाणे आणि बोलीत ‘बी’ म्हणजे ‘सुद्धा’ही. पेरणीच्या वाक्यात ‘बी’ आलेले पाहून वाचणाराही फसतो. त्यात ‘नं’ हा प्रत्यय सुटा पडला की ‘बीबीएफनं’ या एका शब्दाचे ‘बी बी एफ न’ असे चार तुकडे होतात. इंग्रजी शब्दाला मराठी प्रत्यय लागला की यंत्र हमखास अडखळते, म्हणून ‘व्हरायटीले’, ‘मोटरीचं’, ‘लोनवर’ असे शब्द मुद्दाम तपासावेत. प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहावा.

येथे चुकीपेक्षा निर्णयाचा प्रश्न मोठा असतो. लेखन एकच ठरवावे. ‘मोटर’ की ‘मोटार’, ‘व्हरायटी’ की ‘वरायटी’, आकडे देवनागरी की रोमन, आद्याक्षरे जोडून की सुटी, हे एका कागदावर लिहून ठेवावे आणि पुढच्या प्रत्येक व्हिडीओला तोच कागद वापरावा. दुसरा नियम असा, की शब्द बदलू नये. शेतकरी ‘ड्रिप’ म्हणाला असेल तर कॅप्शनमध्ये ‘ठिबक’ लिहू नये, ‘सबसिडी’ म्हणाला तर ‘अनुदान’ लिहू नये. जे बोलले गेले तेच वाचायला मिळेल, असा कॅप्शनचा प्रेक्षकाशी करार असतो. ओठांच्या हालचाली पाहत वाचणाऱ्या कर्णबधिर प्रेक्षकाला हा फरक लगेच कळतो.

बोलीतल्या ‘चुका’ सुधारायच्या की नाहीत?

दुसऱ्या तुकड्यात शेतकरी म्हणाला होता, ‘आमची सारी कायी जमीन हाय.’ वऱ्हाडीत अनेक ठिकाणी ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा ‘डोया’ होतो, केळी ‘केयी’ होते आणि काळी जमीन ‘कायी’ होते. यंत्राने ‘कायी’ला ‘काही’ केले. केळीच्या बागेचे बोलणे असते तर ‘केयी लावली’चे ‘केली लावली’ झाले असते. निंबोळीच्या अर्काबद्दल बोलताना ‘निंबोयी’चे ‘लिंबू’ होऊ शकते. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीची भुकटी लागते. कॅप्शन वाचून कोणी लिंबे पिळायला घेतली, तर दोष कोणाला द्यायचा?

‘कायी’ची गाठ सोडवणे वाटते तितके सोपे नाही. वऱ्हाडीत ‘काही’चा उच्चारही ‘काई’च्या जवळ जातो, त्यामुळे केवळ कानावर विसंबले तर माणूसही फसतो. येथे पुढचे वाक्य कामी येते. ‘पानी धरून ठेवते,’ असे शेतकरी लगेच सांगतो. पाणी धरून ठेवते ती काळी जमीन. संदर्भ असा स्पष्ट नसेल, तर बोलणाऱ्यालाच विचारणे हा एकमेव खात्रीचा मार्ग.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र बोलीला गुपचूप प्रमाण मराठीचा पोशाख चढवते. ‘मले’चे ‘मला’, ‘हाय’चे ‘आहे’, ‘सायबानं’चे ‘साहेबांनी’ होते. अनेक संपादक याला सुधारणा समजून सोडून देतात. पण शेवटच्या उदाहरणात आदरार्थी रूपही यंत्रानेच घातले आहे, शेतकऱ्याने नाही. त्याच्या बोलण्यातला सूर त्याने बदलला. म्हणून बोलणाऱ्याने जे रूप वापरले तेच ठेवावे. मात्र लेखनात सातत्य हवे. एकदा ‘नाई’ आणि एकदा ‘नाय’ असे होऊ नये.

इतर भागांतल्या प्रेक्षकांना अडेल असा एखादा बोलीशब्द आला, तर पहिल्या वेळी चौकटी कंसात प्रमाण शब्द द्यावा, प्रत्येक वेळी नको. कॅप्शनचे पुढे आपोआप हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर करायचे असेल, तर प्रमाण मराठीतली वेगळी फाइल करावी. भाषांतर करणारे यंत्रही बोलीवर तसेच अडखळते. बोलीतली फाइल प्रेक्षकांसाठी आणि प्रमाण फाइल भाषांतरासाठी, असे दोन वेगळे कप्पे ठेवले की दोन्ही कामे सांभाळली जातात. एखादे रूप खरोखर बोलीत आहे का, हे पडताळण्यासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाचा उपयोग होतो. त्यातली ध्वनिमुद्रणे संकेतस्थळावर ऐकता येतात.

‘अचूकता इतके टक्के’ या दाव्याचा अर्थ काय?

यंत्राची अचूकता साधारणपणे शब्दांच्या चुका मोजून ठरते. बदललेले, गळलेले आणि जादा घुसलेले शब्द यांची बेरीज करायची आणि तिला प्रत्यक्ष बोललेल्या शब्दांच्या संख्येने भागायचे. ही मोजणी चौथ्या तुकड्यावर करून पाहू.

शेतकरी आठ शब्द बोलला : सायबानं, पंचनामा, नाई, केला, मले, मदत, नाई, भेटली. यंत्राने ‘सायबानं’ आणि ‘मले’ हे दोन शब्द बदलले आणि दोन्ही ‘नाई’ गाळले. म्हणजे आठात चार चुका, ५० टक्के. आता दुसऱ्या एखाद्या यंत्राने ‘साहेबांनी पंचनामा नाही केला, मला मदत नाही भेटली’ असे लिहिले असते तर? ‘सायबानं’, ‘मले’ आणि दोन ‘नाई’ असे चार शब्द बदलले, म्हणजे पुन्हा ५० टक्केच. पहिल्या कॅप्शनने अर्थ उलटा केला, दुसरीने फक्त बोली पुसली. गुण मात्र सारखेच. म्हणून टक्केवारीपेक्षा कोणता शब्द चुकला, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

मग तपासणी कशी करायची?

पहिला नियम थोडा उलटा वाटेल : आधी ऐका, मग वाचा. एकदा डोळ्यांनी ‘काही’ वाचले की कानांनाही ‘काही’च ऐकू येते. म्हणून पहिल्या फेरीत कॅप्शन बंद ठेवून, इअरफोन लावून, वेग थोडा कमी करून ऐकावे. नावे, आकडे आणि नकार आले की वेळ टिपून ठेवावी. वाचत वाचत दुरुस्ती करायची ती दुसऱ्या फेरीत.

नकारांसाठी वेगळी फेरी करण्याइतके ते महत्त्वाचे आहेत. नाही, नाई, नको, नव्हते हे शब्द वाक्याच्या मध्ये हलक्या आवाजात येतात आणि गळतात. आकड्यांत दीड, अडीच, पावणे आणि साडे यांच्यावर लक्ष ठेवावे. ‘पावणेदोन एकर’चे ‘पाहुणे दोन एकर’ झाले तर हसू येईल, पण ‘दीड’ आणि ‘दीडशे’ यांतला गोंधळ हसण्यावारी नेता येत नाही. कोणी बोलत नसताना, फक्त वारा किंवा संगीत असताना उमटलेले शब्दही काढून टाकावेत. शांततेत यंत्र कधी कधी स्वतःच वाक्य रचते किंवा आधीचेच पुन्हा पुन्हा लिहिते.

सर्वांत मोठा सापळा ‘सगळीकडे एकदम बदला’ या सोयीत आहे. ‘केली’ हा शब्द सगळीकडे ‘केळी’ केला, तर ‘पेरणी केली’चीही ‘पेरणी केळी’ होईल. एकटा शब्द कधीच सरसकट बदलू नये. ‘बार्शी टाकली’ हा पूर्ण जोड शोधून बदलणे सुरक्षित, कारण तो दुसऱ्या अर्थाने येण्याची शक्यता जवळपास नाही.

या फेऱ्यांनंतर आपले उदाहरण असे होते :

```
1
00:00:04,000 --> 00:00:07,200
तुम्ही बार्शीटाकळी तालुक्यातले ना?

2
00:00:07,400 --> 00:00:11,000
हो. आमची सारी कायी [काळी] जमीन हाय.
पानी धरून ठेवते.

3
00:00:11,200 --> 00:00:14,600
जेएस ३३५ पेरलं होतं, बीबीएफनं.

4
00:00:14,800 --> 00:00:18,300
सायबानं पंचनामा नाई केला.
मले मदत नाई भेटली.
```

वेळेच्या ओळींना हात लावलेला नाही. त्यातला स्वल्पविराम किंवा बाण बिघडला तर फाइल उघडत नाही. एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात, मोबाइलच्या पडद्यावर त्याहून जास्त वाचल्या जात नाहीत. फाइल साठवताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा, नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

शेवटचा शब्द कोणाचा?

पुण्या-मुंबईत बसलेल्या संपादकाला वऱ्हाडी कळतेच असे नाही. मालवणीबाबत अकोल्याच्या संपादकाचेही तेच. म्हणून ती बोली घरात बोलणाऱ्या एका माणसाने एकदा ऐकणे आवश्यक ठरते. पूर्ण व्हिडीओ ऐकायला वेळ नसेल, तर शंकेच्या वेळांची यादी आणि तेवढेच तुकडे पाठवले तरी चालते. ज्या वाक्यात कोणावर आरोप आहे, पैशांचा आकडा आहे किंवा औषधाचे प्रमाण आहे, ते वाक्य मात्र बोलणाऱ्यालाच फोनवर वाचून दाखवावे. ‘साहेबांनी पंचनामा केला, असं म्हणालात ना तुम्ही?’ असे विचारले की पलीकडून येणारे ‘नाई ना!’ कोणत्याही यंत्रापेक्षा स्वच्छ ऐकू येते.